सीट धरायला ठेवलेली बॅग

संशय हा माझ्या स्वभावातला एकमेव कष्टाळू गुण आहे. बाकीचे गुण दुपारी झोपतात, हा झोपत नाही. जव्हारच्या एका सरकारी कचेरीत मी गेली अनेक वर्षं कारकुनी करतो, आणि समोर आलेला प्रत्येक कागद उजेडात धरून बघायची सवय हाताला लागली आहे. पुढे ती डोळ्यांनाही लागली. मग माणसंसुद्धा उजेडात धरून बघायला लागलो. यातून माझा काय फायदा झाला, ते विचारू नका. नुकसान मात्र एकदा असं होता होता राहिलं की अजून आठवलं तरी खुर्चीत नीट बसवत नाही.

माझी धाकटी बहीण मोखाड्याजवळ पोशेऱ्याला दिलेली. तिची मुलगी बारावी सायन्स झाली आणि नर्सिंगला जायचं म्हणाली. पहिल्या वर्षी यादीत नाव आलं, पण जात पडताळणीचं प्रमाणपत्र हातात नव्हतं, म्हणून जागा गेली. ते प्रमाणपत्र यायला वर्ष मोडलं. त्या वर्षात पोरीने भात लावला, नागली काढली, आणि घरात तिच्या लग्नाचा विषय दोनदा निघून दोनदा मिटला. यंदा पुन्हा नाव लागलं. कॉलेज नाशिकचं. मूळ कागदपत्रं घेऊन स्वतः हजर व्हायचं, आणि त्यासाठीचा शेवटचा दिवस उरला होता. तीन वाजता खिडकी बंद. त्यानंतर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला. घरी हेही ठरलेलं होतं की यंदा नाही जमलं तर तिसऱ्यांदा काही विचारायचं नाही.

"दादा, तू जा तिच्यासंगं," बहीण म्हणाली. "तुला हापिसातलं कळतं."

हापिसातलं कळतं, हे खरं. पण हापिसापर्यंत पोचायचं कसं, ते मला कळत नाही, हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. मलाही.

आता आमच्याकडच्या गाड्यांचं थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचा गाढवपणा कळायचा नाही. जव्हार, मोखाडा, खोडाळा या भागात एसटी असते तेव्हा एसटी, नसते तेव्हा काळी-पिवळी जीप. जीपला मीटर नाही आणि कुणी विचारतही नाही. मोखाड्यापर्यंत किती, त्र्यंबकपर्यंत किती, हे शाळेतल्या पाढ्यासारखं सगळ्यांना पाठ. जीप भरल्याशिवाय हलत नाही. नऊ सीटची असली तरी चौदा झाल्याशिवाय तिला भरलेली म्हणत नाहीत. त्यामुळे आपण काय करायचं, तर जीपपाशी जायचं, खिडकीजवळच्या सीटवर पिशवी, छत्री, नाहीतर टॉवेल ठेवायचा आणि निवांत चहाला जायचं. पिशवी ठेवली म्हणजे माणूस बसला. दुसरा कुणी तिथे टेकू लागला तर ड्रायव्हरच ओरडतो, "ती मास्तरांची पिशवी हाय, मास्तर दाढीला गेलेत." मास्तरांची अर्धी दाढी राहिली असेल तर जीप अर्ध्या दाढीइतकी थांबते. या व्यवस्थेत मी वाढलो. जगात सगळीकडे असंच असतं अशी माझी समजूत होती, असं नाही म्हणत. पण ती तपासायची वेळ कधी आली नव्हती.

तर त्या दिवशी सकाळी मी जव्हारहून जीपने निघालो, भाची मोखाड्याच्या नाक्यावर गाडीत चढली. तिच्याजवळ कपड्यांची एक पाठीवरची सॅक आणि हातात काळी रेक्झिनची बॅग, तिच्यात कागदपत्रांची फाईल. मी पहिलं काम काय केलं, तर ती काळी बॅग माझ्या ताब्यात घेतली.

"माझ्याजवळ राहू दे ना मामा," ती म्हणाली.

"नाशिकला किती प्रकारचे लोक असतात, तुला ठाऊक नाही."

"तुम्हाला ठाऊक हायेत?"

मी त्र्यंबकपर्यंत बॅग मांडीवर घेऊन, तिचे बंद मनगटाला गुंडाळून बसलो. शेजारच्या बाईने विचारलं, "भाऊ, काय हाय त्यात?" मी म्हटलं, "कपडे." बाई म्हणाली, "मंग असं धरलंय का जसं कोंबडी उडून जाईल." जीप हसली. मी खिशातल्या डायरीत जीपचा नंबर लिहून घेतला. त्या जीपचा ड्रायव्हर माझ्या ओळखीचा, त्याचं घर मला माहीत. तरी लिहिला.

त्र्यंबकला एसटी धरली आणि साडेबाराला नाशिकच्या सीबीएस स्टँडपाशी उतरलो. कॉलेज होतं नाशिकरोडच्या अलीकडे, मुख्य रस्त्यापासून बरंच आत. उतरल्या उतरल्या दोन रिक्षावाले आले. एकाने दोन्ही पिशव्यांकडे बघितलं, दुसऱ्याने माझ्या चपलांकडे.

"कुठं जायचं बाबा?"

मी कॉलेजचं नाव न सांगता म्हटलं, "मीटरने येणार का?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग चपला बघणारा अतिशय सभ्यपणे म्हणाला, "मीटर आहे काका. बसवलेला आहे. पासिंगला लागतो." आणि दुसऱ्याने तीनशे रुपये सांगितले. मी दोघांचेही नंबर डायरीत लिहिले. ते मला काही विकत नव्हते, मी काही घेत नव्हतो, पण लिहिले.

भाची म्हणाली, "मामा, ॲपवर बघू. आधी भाडं दिसतं, मंग कुणाला विचारायला नको." तिच्या मैत्रिणी नाशिकला शिकत होत्या, त्यांनी तिला शिकवलं होतं. तिने माझ्याच मोबाईलवर गाडी मागवली, कारण तिच्या मोबाईलचं चार्जिंग संपत आलं होतं. भाडं पडद्यावर आलं. रिक्षावाल्याने सांगितलं होतं त्यापेक्षा बरंच कमी. मी लगेच सावध झालो. एवढं कमी का?

मग ड्रायव्हरचा फोन आला. "ड्रॉप कुठे आहे सर? कॅश देणार की ऑनलाईन?"

"तुम्हाला कशाला हवं ते?" मी म्हटलं.

"विचारतो फक्त सर."

ॲपवर पत्ता दिलेला असताना हा पुन्हा पत्ता विचारतो, पैशाची चौकशी करतो. मी भाचीला डोळ्याने खूण केली. तिला ती समजली नाही, कारण अशा खुणा आमच्या घराण्यात फक्त मीच करतो.

गाडी आली. पांढरी, स्वच्छ. मी मागे जाऊन नंबर मोबाईलवरच्या नंबराशी अक्षर न् अक्षर ताडून पाहिला. जुळला. ड्रायव्हरचा चेहरा फोटोशी ताडला. फोटोत मिशी नव्हती, इथे होती. मी त्याला मिशीबद्दल विचारलं. "वाढवली सर," तो म्हणाला. इथपर्यंत खरं तर मी शहाण्यासारखाच वागत होतो. मिशीचं सोडून द्या. आम्ही मागे बसलो. तो म्हणाला, "सर, ओटीपी सांगा."

आता इथे माझी अडचण समजून घ्या. आमच्या कचेरीच्या भिंतीवर ठळक अक्षरात लावलेलं आहे, ओटीपी कोणालाही सांगू नका. ते मीच चिकटवलेलं आहे. पाड्यापाड्यावर जाऊन मी म्हाताऱ्याकोताऱ्यांना बजावून आलोय की कुणी कितीही गोड बोलला, बँकेचा साहेब आहे म्हणाला, तरी आकडा सांगायचा नाही. आणि हा मिशी वाढवलेला माणूस माझ्याकडे बघून सरळ आकडा मागतो.

"नाही सांगणार," मी म्हटलं.

"सर, त्याशिवाय ट्रिप चालू होत नाही."

"आकडा घेतल्यावर पैसे कुठून कुठे जातात, मला सगळं माहीत आहे."

"तो बँकेचा ओटीपी सर. हा गाडीचा. चार आकडे आहेत बघा, ॲपमध्येच दिसतायत, मेसेजमध्ये नाही."

भाची म्हणाली, "मामा, बरोबर सांगतायत. आपणच गाडीत बसलोय हे त्यांना कळावं म्हणून असतो तो."

"तू गप्प बस. तुझं वय नाही हे."

ड्रायव्हरने मागे वळून माझ्याकडे नीट बघितलं. मला वाटतं, त्या क्षणी त्यालाही माझ्याबद्दल संशय आला असावा. मांडीवर काळी बॅग, बंद मनगटाला गुंडाळलेले, सोबत घाबरलेली मुलगी, आणि माणूस ना पत्ता सांगतो ना आकडा. तो म्हणाला, "सर, उतरा तुम्ही. मी कॅन्सल करतो." आम्ही उतरलो. गाडी गेली. मी भाचीला म्हटलं, "बघितलंस? पकडला गेल्यावर पळाला."

एक वाजून गेला होता.

ॲपवर दुसरी गाडी पंधरा मिनिटं लांब दाखवत होती. भाची म्हणाली, "शेअर रिक्षाने नाशिकरोडच्या रस्त्याला जाऊ, तिथून आत दुसरी करू." तसं तिथे लोक करतातच. सीबीएसच्या कोपऱ्यावर रांग लागलेली, सगळ्यात पुढच्या रिक्षाजवळ एक जाडसर माणूस उभा राहून ओरडत होता, "चला द्वारका, द्वारका, नाशिकरोड. दोन सीट, दोन सीट." माणसं येत होती, काही न विचारता आत बसत होती, रिक्षा भरली की सुटत होती. हे दृश्य बघून मला फार बरं वाटलं. हे तर आमच्या मोखाड्यासारखंच. भरायचं आणि निघायचं.

पुढची रिक्षा आत्ताच सुटली होती. तिच्या जागी आलेली रिकामी होती. ड्रायव्हर खाकी शर्टातला, पन्नाशीचा, पुढच्या काचेवर हिरवी झालर. "बसा बाबा," तो म्हणाला.

"किती घेणार?"

"तीस रुपये सीट."

तीस हे खरं की परगावचा बघून सांगितलेलं, कसं कळणार? आमच्याकडे पाठ असतं, इथे पाठ नव्हतं. म्हणजे चौकशी आली. आणि चौकशी करायची तर सीट हातची जाऊ द्यायची नाही. मुलीला एकटीला रिकाम्या रिक्षात बसवून जाणं तर अजिबात नाही, एवढी अक्कल मला होती. मग मी काय केलं असेल?

मी मनगटाचे बंद सोडले आणि काळी बॅग मागच्या सीटच्या कोपऱ्यात, आतल्या बाजूला, व्यवस्थित टेकवून ठेवली. सीट धरली. भाचीला म्हटलं, "चल, जरा विचारून येऊ."

"मामा, बॅग?"

"ठेवलीय ना."

ती सॅक सावरत माझ्यामागे आली. तिला वाटलं, मामाने ड्रायव्हरला सांगितलं असेल. मी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे सांगावं लागत नाही.

एका फळवाल्या बाईला विचारलं. ती म्हणाली तीस. शंका गेली नाही, कारण ती रिक्षावाल्याच्या शेजारीच धंदा करत होती. कॉलेजच्या दोन पोरांना विचारलं. तीस. एक म्हणाला, "काका, बसणाऱ्यांनाच विचारायचं ना, ते काय देतात ते. आणि बसायच्या आधी शेअर म्हणून बोलायचं, नाहीतर रिकाम्या रिक्षात बसलं की स्पेशल धरतात, म्हणजे अख्ख्या रिक्षाचं भाडं." चांगला सल्ला होता. मी डायरीत लिहिलासुद्धा. डायरी खिशात घालून वळलो, तर हिरव्या झालरीची रिक्षा नव्हती. तिच्या जागी निळ्या झालरीची उभी होती आणि जाडसर माणूस ओरडत होता, "चला द्वारका, नाशिकरोड, तीन सीट."

मला पहिल्यांदा वाटलं की झालर बदलली.

भाची माझ्याआधी धावली. निळ्या झालरीच्या रिक्षात वाकून बघितलं, मागे बघितलं, सीटखाली हात घातला. मग सरळ उभी राहून माझ्याकडे नुसती बघत राहिली. वर्षभर वाट बघून आलेलं ते प्रमाणपत्र, दहावी-बारावीच्या मार्कशीटा, शाळा सोडल्याचा दाखला, सगळं हिरव्या झालरीतून द्वारका चौकाच्या दिशेने गेलं होतं, आणि माझ्या डायरीत सगळ्या नाशिकचे नंबर होते, फक्त त्या रिक्षाचा नव्हता. भाड्याच्या चौकशीच्या नादात तोच तेवढा लिहायचा राहिला.

"चोर," मी म्हटलं. "मला पहिल्यापासून वाटत होतं."

जाडसर माणसाने ऐकलं. "कोण चोर?"

"तो हिरवी झालरवाला. आमची बॅग घेऊन पळाला."

"पळाला कशाला, भरली तसा गेला तो. तुमची बॅग आत कशी गेली, तुम्ही बाहेर असताना?"

"सीट धरायला ठेवली होती."

जाडसर माणसाने मला वरून खाली न्याहाळलं. मग निळ्या झालरीवाल्याला म्हणाला, "ऐकलं का रे, यांनी रिक्षात सीट धरली होती." निळ्या झालरीवाला हसला नाही, त्याने तोंड फिरवलं, ते जास्त लागलं. जाड्या मला म्हणाला, "बाबा, हितं बसेल त्याची सीट. पाच झाले की गेली. त्याला काय दिसणार, मागं कुणाची बॅग आहे? बसणाऱ्याला वाटतं शेजारच्याची, शेजारच्याला वाटतं त्याची."

मला हे पटायला हवं होतं. पण मला दिसत होतं ते वेगळंच. हा माणूस उभा राहून माणसं भरतो, तो रिक्षा हाकतो, दोघांचं साटंलोटं. ती फळवाली पण त्यातलीच. पोरांनी मला बोलण्यात गुंतवलं. संशयाला एकदा दोरी सापडली की तो सगळ्यांना एकाच खुंटीला बांधतो. मी म्हटलं, "मी पोलिसात जातो."

"जावा की," जाड्या म्हणाला. "चौकी तिकडं. पण मला आधी त्याला फोन तर लावू द्या."

भाची मात्र माझ्या आणि त्याच्या मधे येऊन उभी राहिली. "दादा, लावा फोन. तीन वाजता माझी ॲडमिशन हाय. बॅगेत सगळे ओरिजनल हायेत."

जाड्याचा चेहरा बदलला. त्याने फोन लावला. वाजत राहिला, उचलला नाही. "चालवताना उचलत नाही तो," तो म्हणाला.

"कसा उचलेल," मी म्हटलं.

"मामा," भाची म्हणाली. एवढंच. आवाज चढवला नव्हता. तरी मी एक पाऊल मागे सरलो.

दहा मिनिटं गेली. पुन्हा फोन. मग पलीकडून फोन आला. जाड्याने स्पीकर लावला. हिरव्या झालरीवाला म्हणत होता, "आहे रे, एक काळी बॅग आहे. नाशिकरोडला सगळे उतरले तरी ही कुणी उचलेना. मी लांब उभाय तिच्यापासून. कुणाची काय माहीत, बेवारस आहे, आत काय असंल ते. पोलिसाला दाखवावी म्हणतो."

म्हणजे माझ्या बॅगेवरच त्याला संशय आला होता.

"घेऊन ये इकडं लगेच," मी फोनमध्ये तोंड घालून म्हटलं. "चूक तुझी आहे."

"कोण बोलतंय?"

"बॅगेचा मालक."

"मग बॅगेत बसून यायचं होतं," तो म्हणाला. "आता माझा नंबर हितं रांगेत आहे, माझी भरायला अर्धा तास. रिकामा आलो तर स्पेशल पडंल."

"बघितलंस?" मी भाचीला म्हटलं. "आता पैसे उकळणार."

जाड्या डोकं खाजवत होता, मी डायरी काढत होतो, आणि दोन वाजायला वीस मिनिटं होती. तेव्हा भाचीने जे विचारलं, ते मला का सुचलं नाही, याचं उत्तर मी अजून शोधतो आहे. तिने फोनमध्ये विचारलं, "काका, तुम्ही नाशिकरोडला कुठं उभे हायेत?" त्याने जागा सांगितली. ती म्हणाली, "मंग आणू नका. तिथंच ठेवा. आमचं कॉलेज तिकडंच हाय. आम्हीच येतो." मग निळ्या झालरीच्या रिक्षात डोकं घालून म्हणाली, "शेअर. दोन सीट. नाशिकरोड." आत बसलेल्या बाईला विचारलं, "मावशी, तीसच ना?" मावशीने मान हलवली. भाची बसली.

"मामा, बसा."

माझा आग्रह होता की ज्याने नेली त्याने आणून द्यावी. तो न्याय होता. पण न्यायासाठी फुटपाथवर एकटं उभं राहावं लागणार होतं. बसलो. मागे चौघं कोंबलेले, त्यात मी, आणि पाचवा ड्रायव्हरशेजारी अर्धा बाहेर. कायद्याने तिघांची परवानगी असते, हे मी कुणालाही सांगितलं नाही. त्या दिवशी कायदा सांगायची माझी ऐपत उरली नव्हती.

वाटेत निळ्या झालरीवाला आरशातून सारखा माझ्याकडे बघत होता. द्वारकेला सिग्नलवर तो म्हणाला, "बाबा, आता काय ठेवलं नाही ना खाली?" मी मांडीकडे बघितलं. मांडी रिकामी होती.

सव्वादोनला पोचलो. हिरव्या झालरीची रिक्षा झाडाखाली उभी, आणि तिचा मालक खरोखरच तिच्यापासून चार पावलं लांब. बॅग मागे तशीच. मी सरळ बॅगेकडे हात नेला. त्याने मधे हात घातला.

"थांबा. तुमची कशावरून?"

"आमचीच आहे."

"असं कुणीही म्हणंल. स्टँडवर दहा लोकांनी फोन ऐकला. आत काय आहे ते सांगा."

"फाईल."

"कसल्या रंगाची?"

मी आठवू लागलो. दिवसभर मी त्या बॅगेला कवटाळलं होतं, पण ती एकदाही उघडून बघितली नव्हती. "निळी," मी म्हटलं.

"लाल," भाची म्हणाली.

त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी ओळखतो. दाखला घ्यायला आलेल्या माणसाच्या सहीत फरक पडला की मी तसाच बघतो. त्याने दोन बोटांनी, जपून, बॅगेची चेन उघडली. लाल फाईल. वरचाच कागद, त्यावर भाचीचा फोटो. त्याने फोटो बघितला, तिचा चेहरा बघितला. "जन्मतारीख सांग पोरी." तिने सांगितली. त्याने कागदावर बोट ठेवून ताडून पाहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आणि हे कोण?"

"मामा," ती म्हणाली.

"सख्खे?"

मला वाटतं, तिने उत्तर द्यायच्या आधी थोडा विचार केला. "सख्खे," ती म्हणाली.

त्याने बॅग तिच्या हातात दिली, माझ्या नाही. मग विचारलं, "कॉलेज आत कुठं?" तिने सांगितलं. "चालत नाही व्हायचं," तो म्हणाला. "साठ द्या, सोडतो. आत शेअर जात नाही."

मी मोबाईल काढला आणि ॲपवर तेवढ्याच अंतराचं भाडं बघितलं. नव्वद दाखवत होतं. म्हणजे साठ हा योग्यच नाही तर कमी भाव होता. हे बघून मी काय करायला हवं होतं? बसायला हवं होतं. मी विचारलं, "कमी का घेताय?"

"जास्त घेऊ का तुमच्याकडून?" तो म्हणाला. "बसा, पोरीचा टाईम जातोय."

भाची आधीच बसली होती. बॅग तिच्या मांडीवर, बंद कुठे गुंडाळलेले नव्हते, नुसता हात वर. रिक्षा आत वळली, गल्लीतून, एका शाळेमागून, एका अर्धवट इमारतीशेजारून. प्रत्येक वळणाला मला वाटत होतं की हा भलतीकडे नेतोय. मोबाईलवर नकाशा उघडून मी ठिपका बघत होतो. ठिपका बरोबर जात होता. मला नकाशाचाही थोडा संशय आला, पण तो मनातच ठेवला.

अडीचच्या पुढे कॉलेजच्या फाटकात उतरलो. भाचीने साठ मोजून दिले आणि म्हणाली, "काका, थँक्यू." तो म्हणाला, "जा, पळ." मी डायरी काढून त्याचा नंबर लिहू लागलो. तो थांबून म्हणाला, "आता कशाला?" मला सांगता येईना. तक्रारीसाठी लिहायचा ठरलेला नंबर आता तक्रारीच्या कामाचा नव्हता, पण हात लिहीत राहिला.

खिडकीसमोर रांग होती. पुढे सहा मुली, त्यांच्याबरोबर सहा बाप, आया, भाऊ. घड्याळ खिडकीच्या वरच होतं. आत एक कारकून. माझ्याच वयाचा, माझ्यासारखाच चष्मा नाकाच्या शेंड्यावर. मला क्षणभर माझ्याच कचेरीत आल्यासारखं वाटलं, फक्त काचेच्या चुकीच्या बाजूला. रांगेत ढकलाढकल झाली तेव्हा भाचीने सॅक सावरायला म्हणून लाल फाईल माझ्या हातात दिली. मी ती छातीशी धरली.

तीनला पाच कमी असताना आमचा नंबर आला. कारकुनाने हात पुढे केला. "ओरिजनल द्या. सगळे. जमा होतील."

"जमा म्हणजे?"

"इथे राहतील. पोच मिळेल."

"किती दिवस राहतील?"

"कोर्स होईपर्यंत काही, काही व्हेरिफिकेशन झाल्यावर परत. द्या."

"हरवले तर जबाबदारी कुणाची?"

"साहेब, मागे लोक आहेत."

"पोचेवर प्रत्येक कागदाचं नाव लिहाल ना? आकड्यानिशी? सही कुणाची असेल?"

त्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी फाईल पुढे केली होती, पण सोडली नव्हती. त्याने एक टोक धरलं होतं, मी दुसरं. मागून कुणीतरी म्हणालं, "अहो, तीन वाजतायत." सकाळपासून ज्यांच्या हातात काही द्यायचं नाही असं मी ठरवलं होतं, त्या सगळ्यांच्या हातून आम्ही सुखरूप इथपर्यंत आलो होतो. आणि मला कळत होतं की या क्षणी जागा जाण्याचं एकमेव कारण रिक्षा नाही, ॲप नाही, ओटीपी नाही. ते कारण फाईलचं दुसरं टोक धरून उभं होतं. कळत होतं, तरी बोटं सुटत नव्हती. ती वेगळ्याच खात्यात नोकरीला असल्यासारखी.

भाचीने माझ्या हातावर हात ठेवला आणि एकेक बोट उचललं. अंगठा सगळ्यात शेवटी सुटला.

कारकुनाने फाईल ओढून घेतली, कागद उलटले, प्रमाणपत्र उजेडात धरून बघितलं, अगदी माझ्यासारखं, आणि शिक्का मारला. पोच फाडून दिली, ती भाचीने घेतली. मी वाचायला मागितली तर म्हणाली, "मामा, हॉस्टेलचं विचारून येते. तुम्ही इथं बाकावर बसा. आणि कुणी काय विचारलं तर सरळ सांगा."

मी बाकावर बसलो. शेजारी एक बाप बसला होता, दिंडोरीकडचा. त्याने विचारलं, "तुम्ही कुठून आलात?"

मी थोडा थांबलो. मग सांगितलं, "जव्हारहून."